मुलीचं खातं ऑनलाइन उघडताना: पालक कोण, जॉइंट कोण आणि सही कोणाची?

प्रश्न: माझ्या ९ वर्षांच्या मुलीला चित्रकला स्पर्धेत बक्षिसाचा चेक मिळालाय, तिच्याच नावाचा. माझं खातं असलेल्या बँकेच्या ॲपवरून तिचं खातं उघडायला घेतलं, तर अर्ज दोनदा परत आला. एकदा ‘सही जुळत नाही’, दुसऱ्यांदा ‘पालकाचा तपशील जुळत नाही’. सही कोणाची टाकायची, तिची की माझी? पालक म्हणून वडिलांचंच नाव लागतं का? ते नोकरीसाठी हैदराबादला असतात, म्हणून खातं आम्हा दोघांना चालवता यावं असं जॉइंट करायचं होतं. शाखेत खेटे घालायला सुट्टी मिळत नाही.

उत्तर:

ताई, दोन नकारांची कारणं वेगळी दिसली तरी मूळ एकच असावं असा माझा अंदाज आहे. पहिल्या वेळी तुम्ही रीत म्हणून पालकाच्या रकान्यात यजमानांचं नाव घातलं असेल आणि सही मात्र तुमची किंवा मुलीची जोडली असेल. मग दुसऱ्या वेळी नाव बदलून तुमचं केलं, पण पॅन किंवा ग्राहक क्रमांक त्यांचाच राहिला. असं नसेल तर मी चुकलो. पण दहातले सहा-सात अर्ज याच गोंधळात परत जाताना मी पाहिलेत. मी एकवीस वर्षं बँकेत होतो. त्यातली शेवटची सहा वर्षं अशा विभागात काढली, जिथे सगळ्या शाखांचे आणि ॲपवरून आलेले खात्याचे अर्ज येऊन पडतात. एक जण माहिती भरतो, दुसरा ती तपासतो आणि मंजूर करतो. तो दुसरा म्हणजे मी.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. प्रत्येक बँकेचं ॲप वेगळं आणि त्यातल्या अटीही थोड्या वेगळ्या असतात. रिझर्व्ह बँकेने बरंचसं बँकांच्या धोरणावर सोडलंय. मुलाच्या खात्यात किती रक्कम राहू द्यायची, एटीएम कार्ड द्यायचं की नाही, चेकबुक द्यायचं की नाही, हे ती ती बँक ठरवते. त्यामुळे ‘अमुक बटण दाबा’ असं मी सांगणार नाही. मात्र त्या रकान्यांमागचा कायदा सगळीकडे सारखाच आहे, आणि तो कळला की कोणत्याही ॲपवर अडायला होत नाही.

तुमच्या माहेरी किंवा सासरी शेती असेल तर सातबारा आठवून बघा. लहान मुलाच्या नावावर जमीन असली की नावापुढे ‘अ.पा.क.’ असं लिहून आईचं किंवा वडिलांचं नाव येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. जमीन मुलाची, सांभाळणारं माणूस वेगळं. बँकेचं खातंही अगदी तसंच आहे. पैसे मुलीचे आणि खातेदारही मुलगीच. पालक म्हणजे ती सज्ञान होईपर्यंत तिच्या वतीने सही करणारं माणूस. जॉइंट खातेदाराचं तसं नसतं, तो स्वतःच खातेदार असतो. म्हणजे सातबाऱ्यावर अ.पा.क. म्हणून नाव लागणं आणि सहहिस्सेदार म्हणून नाव चढणं यात जेवढा फरक, तेवढाच तुमच्या ॲपवरच्या या दोन रकान्यांत आहे.

आता पालकाचा प्रश्न. वडिलांचंच नाव लागतं, हा समज घराघरात आहे आणि बँकेच्या काउंटरवरही तो अधूनमधून ऐकू येतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असे शब्द आहेत, त्यातून तो आलाय. यावर एक गाजलेला खटला झाला, तोही रिझर्व्ह बँकेविरुद्धच. गीता हरिहरन यांनी आपल्या मुलासाठी रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांचा अर्ज केला. तेव्हा वडिलांची सही आणा किंवा पालकत्वाचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा, असं त्यांना सांगण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निकाल देताना सांगितलं की ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नाही. वडील प्रत्यक्षात मुलाची देखभाल करत नसतील किंवा हजर नसतील, तेव्हाही आई नैसर्गिक पालक असते.

पण तुम्हाला एवढ्या खोलात जायची गरजच नाही. बँक खात्यापुरतं आईला पालक म्हणून घ्यायला रिझर्व्ह बँकेने १९७६ पासूनच मुभा दिली आहे. एप्रिल २०२५ मध्ये अज्ञान मुलांच्या खात्यांचे नियम एकत्र करून नव्याने काढले, त्यातही ती मुभा कायम आहे. यजमानांची संमती, सही, ना-हरकत यातलं काहीही त्यासाठी लागत नाही. तेव्हा पालक म्हणून स्वतःचंच नाव घाला. तुम्ही मुलीसह कुठल्या गावी राहता, मला ठाऊक नाही. पण मुलगी ज्या घरात राहते त्या घरातल्या माणसाने पालक असणं सोयीचं, एवढं मात्र नक्की.

रकाना भरताना पालकाचा प्रकार विचारतात. तिथे ‘नैसर्गिक पालक’ निवडा, नातं ‘आई’. ‘कायदेशीर पालक’ हा शब्द भारदस्त वाटतो म्हणून बरेच जण तोच निवडतात. त्याचा अर्थ न्यायालयाने नेमलेला पालक. तो निवडलात की पुढे न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागणारच, आणि ती नसली की अर्ज अडकला. आजोबा, मामा, मोठा भाऊ हे आईवडील हयात असताना नैसर्गिक पालक होत नाहीत. नातवाच्या नावावर पैसे ठेवायला आलेल्या किती आजोबांची मी समजूत काढली असेल! त्यांनी खुशाल पैसे भरावेत, पैसे भरायला पालक असावं लागत नाही. पालकाच्या रकान्यात मात्र आई किंवा वडीलच.

यापुढची मेख म्हणजे नाव आणि क्रमांक एकाच माणसाचे असणं. पालक तुम्ही, तर पॅन तुमचं, ग्राहक क्रमांक तुमचा, मोबाइल तुमच्या खात्याला जोडलेला. मुलीला स्वतःचं करपात्र उत्पन्न नसेल तर तिच्या पॅनशिवाय पालकाच्या पॅनवर काम भागतं. यजमानांचं पॅन ‘घरातलं मोठं पॅन’ म्हणून देऊ नका. संगणक नाव आणि पॅन ताडून बघतो आणि ‘पालकाचा तपशील जुळत नाही’ असं कोरडं वाक्य पाठवून देतो. तुमच्या दुसऱ्या नकाराचं कारण मला इथेच दिसतं. लग्नाआधीच्या नावावर पॅन आणि लग्नानंतरच्या नावावर बँक खातं असेल तरी हेच होतं, तेही एकदा बघून घ्या.

मुलीच्या बाजूने दोन कागद लागतात, वयाचा पुरावा आणि आधार. आपल्याकडे जन्मदाखला बरेचदा बारशाच्या आधीच काढलेला असतो, त्यामुळे बाळाच्या नावाची जागा कोरी असते आणि कोणाच्या ते लक्षातही नसतं. असा दाखला ॲपवर चढवला तर तो परत येणारच, कारण त्यावरून तुम्हाला मुलगी झाली एवढं कळतं, पण ती ‘हीच’ मुलगी हे कळत नाही. आधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत त्यावर नाव चढवून घ्या. आधारची अडचण वेगळी आहे. पाच वर्षांच्या आत काढलेलं बाल आधार ठशांशिवाय असतं आणि पाच वर्षं झाली की बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद करून घ्यावी लागते. ते राहिलं असेल तर आधी ते करा, नाहीतर पडताळणी मध्येच अडण्याची शक्यता राहते. शिवाय मुलीच्या आधारला मोबाइल कोणाचा जोडलाय? बहुतेक घरांत वडिलांचा. म्हणजे तुम्ही इथे बटण दाबणार आणि ओटीपी हैदराबादला वाजणार. ते कामात असले की मुदत संपते, पुन्हा मागवला की पुन्हा तेच. फॉर्म भरायला बसायच्या आधी त्यांना फोन लावून ठेवा, चालू फोनवर ओटीपी घ्या. हसू येईल, पण अर्धवट सोडलेल्या अर्जांत या कारणाचा वाटा मोठा असायचा.

आता जॉइंटचं. तुमची इच्छा ‘दोघांना चालवता यावं’ अशी आहे. मी समोर असतो तर विचारलं असतं, की यजमानांना त्या खात्यातून नेमकं काय करायचंय? पैसे टाकायचे असतील तर यूपीआयने किंवा एनईएफटीने ते हैदराबादहून आजही टाकू शकतात, त्याला खात्यावर नाव लागत नाही. शिल्लक बघायची असेल तर तुम्ही त्यांना सांगू शकता. पैसे काढायचे असतील तरच अधिकाराचा प्रश्न येतो, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या बक्षिसाच्या खात्यातून हैदराबादला पैसे काढायची वेळ कशाला येईल? बँकांच्या संगणकात मुलाच्या खात्याला साधारणपणे पालक एकच नोंदवता येतो. म्हणून लोक दुसरा पालक ‘जॉइंट’च्या रकान्यात कोंबतात, आणि तिथेच अर्थ बदलतो. यजमान जॉइंट झाले की ते सहखातेदार झाले. कागदावर पैसे दोघांचे, आणि पुढे काही बरंवाईट झालं तर हिशेबही दोघांच्या नावाने. बक्षिसाचे पैसे निव्वळ मुलीचे राहावेत असं वाटत असेल तर हे करू नये, असं माझं मत.

आईवडिलांनी मुलासोबत मिळून खातं उघडायला काही बँका परवानगी देतात आणि ते बेकायदा मुळीच नाही. स्टेट बँकेचं ‘पहला कदम’ हे लहान मुलांचं खातं पालकासोबत जॉइंट असतं आणि ‘पहली उडान’ हे दहा वर्षांवरच्या, सही करता येणाऱ्या मुलाचं एकट्याचं. तेव्हा तुमच्या बँकेत आईसोबतचं जॉइंट हाच एक पर्याय असेल तर तो घ्या. पण वडिलांना तिसरं नाव म्हणून जोडायच्या फंदात पडू नका. घरखर्चासाठी दोघांना चालणारं खातं हवंच असेल तर तुम्हा नवराबायकोचं वेगळं जॉइंट खातं काढा. तिथे `Mode of Operation` मध्ये `Either or Survivor` निवडलं की दोघांपैकी कोणाच्याही एका सहीवर चालतं. `Former or Survivor` निवडलं तर पहिलं नाव असलेलं माणूस हयात असेपर्यंत त्याचीच सही चालते. `Jointly` निवडलं तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या, म्हणजे तुमचं गाव ते हैदराबाद अशी चेकबुकाची वारी. ॲपवरून झटपट उघडणारी खाती मात्र बहुधा एकाच नावाची असतात. दुसरं नाव जोडायला त्या माणसाची स्वतंत्र केवायसी आणि स्वतंत्र नमुना सही लागते, दोघांच्या सह्या एकाच कागदावर करून एकच फोटो चढवला तर चालत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सही कोणाची. जो माणूस खातं चालवणार त्याची. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि पालक तुम्ही, म्हणजे सही तुमची. फॉर्मवर ‘अर्जदाराची सही’ असं लिहिलेलं असतं आणि अर्जदार म्हणून वर मुलीचं नाव असतं, त्यामुळे आया कौतुकाने मुलीकडूनच सही करून घेतात. ती गोड, वळणदार सही पाहून आम्हालाही नाकारताना वाईट वाटायचं. काही जणी स्वतः सही करतात पण मुलीचं नाव लिहून. तेही नको. तुमची रोजची, तुमच्या खात्यावर चालते ती सही करायची. ‘अज्ञान अमुकसाठी पालक’ ही नोंद बँकेचा संगणक खात्याला आपोआप जोडतो, ती सहीत लिहू नका.

‘सही जुळत नाही’ म्हणजे कशाशी जुळत नाही, हे कोणी सांगत नाही. तपासणाऱ्याच्या पडद्यावर दोन चित्रं शेजारी-शेजारी येतात. एक तुम्ही आत्ता चढवलेलं, दुसरं बँकेकडे आधीपासून असलेलं. तुमचं त्याच बँकेत खातं आहे, म्हणजे ते उघडताना घेतलेली सही तिथे आहे. अर्ज करणारा बँकेचा नवीन ग्राहक असेल तर पॅन कार्डावरची सही बघतात. माझ्याकडे एका बाईंचा अर्ज तीनदा आला होता. तिन्ही वेळा सही स्वच्छ, ठसठशीत, देवनागरीत पूर्ण नाव. जुन्या नोंदीत मात्र कॉलेजात असताना केलेली इंग्रजी आद्याक्षरांची, खाली एक रेघ मारलेली सही. पंधरा वर्षांत त्यांची सही बदलली होती आणि त्यांनी कधी चेक लिहिलाच नव्हता, म्हणून ते कुठे उघडही झालं नव्हतं. सही कोणत्या लिपीत आहे याने बँकेला फरक पडत नाही, नोंदीशी जुळली पाहिजे एवढंच. तेव्हा आधी आठवा, खातं उघडताना तुम्ही कशी सही केली होती. गेल्या वर्ष-दोन वर्षांत तुमचा चेक वटला असेल तर त्यावर जी सही होती तीच बरोबर. आणि सही खरंच बदलली असेल तर मात्र ॲपचा नाद सोडा. आधी शाखेत जाऊन स्वतःच्या खात्यावरची नमुना सही बदलून घ्यावी लागेल, ते काम घरबसल्या सहसा होत नाही.

सही जुळते, तरी परत येते, याचं कारण फोटो. मी हजारो फोटो पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कागद कोरा आणि पांढरा घ्या, रेघांचा नको, कारण वहीची निळी रेघ सहीच्या दांडीत मिसळते. पेन काळं किंवा निळं साधं बॉलपेन. स्केचपेनने सही जाड होते आणि तिचे बारीक फराटे बुजतात. ओळीने चार-पाच सह्या करा आणि मधली एखादी निवडा. पहिली सही माणूस नेहमी जरा जपून करतो, त्यामुळे तीच सगळ्यात कमी जुळते! दिवसाउजेडी खिडकीपाशी कागद सपाट ठेवा आणि मोबाइल बरोबर वर धरून फोटो काढा. दिव्याखाली काढला की तुमच्याच हाताची सावली पडते, आणि मोबाइल तिरका धरला की सहीची एक बाजू लहान दिसते. कापताना चारही बाजूंनी थोडी पांढरी जागा सोडा. शेवटच्या अक्षराची शेपटी कापली गेलेली सही मी रोज एक तरी पाहायचो.

मग येतो फाइलचा आकार. काही ॲप ५० केबीच्या आत मागतात, काही आणखी कमी, ते तिथेच लिहिलेलं असतं. आकार कमी करायला लोक फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात आणि परत उतरवतात. पूर्ण पानाचा फोटो आधी असा पाठवून मग त्यातली सही कापली तर ती धुरकट होते. उलट करा. आधी सहीपुरतं कापा, तेवढ्यानेच फाइल बरीच लहान होते, मग गरज पडली तर लहान करा. स्कॅन करणाऱ्या ॲपमधला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पर्याय टाळा, त्यात बारीक रेषा तुटतात. पार्श्वभूमी काढून टाकणारी ॲपही नकोत. त्यातून निघालेली पीएनजी फाइल बँकेच्या संगणकात जेपीजी होताना काही वेळा मागचा भाग काळा पडतो आणि काळ्यावर काळी सही दिसेनाशी होते. आयफोन असेल तर फोटो एचईआयसी प्रकारात निघतो आणि बरीच ॲप तो घेतच नाहीत, त्याची जेपीजी करून घ्या. पॅन कार्डावरच्या सहीचा स्क्रीनशॉट चढवणं हा हुशारीचा मार्ग वाटतो, पण ती आधीच बारीक छापलेली असते, मोठी केली की फुटते.

एवढा खटाटोप का, तर हेच चित्र पुढे वर्षानुवर्षं वापरलं जातं. चेक आला की समोरचा कारकून याच चित्राशी ताडून बघतो. जुळला नाही तर चेक परत, कारण क्रमांक १२, ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’. आणि ते चित्र काम झाल्यावर मोबाइलच्या गॅलरीत, घरच्या ग्रुपवर किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाच्या `Downloads` मध्ये ठेवू नका. रिसायकल बिनमधूनही पुसा. सही आणि पॅनचा फोटो एकत्र कोणाच्या हाती लागणं बरं नाही.

शाखेत जायचं नाही म्हणता, त्याबद्दलही थोडं. ‘ऑनलाइन’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. काही बँकांत पालक आधीच पूर्ण केवायसी झालेला ग्राहक असेल तर मुलाचं खातं खरोखर ॲपवरच उघडतं. काही बँकांत फक्त फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, पुढे मूळ कागद घेऊन शाखेत जावंच लागतं. फरक ओळखायची खूण सोपी आहे. शेवटच्या पानावर खाते क्रमांक मिळाला तर काम झालं. नुसता संदर्भ क्रमांक मिळाला तर अर्धंच झालंय, आणि त्या संदर्भ क्रमांकाला मुदत असते. तुमची स्वतःची केवायसी जुनी झाली असेल तर व्हिडिओ कॉलवर करून घेता येते. त्या वेळी तुम्ही भारतात असायला हव्यात, समोर बँकेचा माणूस बोलत असतो, आणि मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरावं लागतं किंवा ई-पॅन द्यावं लागतं. पॅनच्या झेरॉक्सवर भागत नाही. नुसत्या आधार ओटीपीवर उघडणारं खातं मात्र घेऊ नका. त्यात शिल्लक १ लाखाच्या वर जाता कामा नये, वर्षभरातल्या जमा २ लाखांच्या आत हव्यात, आणि वर्षाच्या आत पूर्ण केवायसी केली नाही तर ते बंद करतात.

तुमच्या बाबतीत घड्याळ आहे ते चेकचं. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. आत्ताच बघा, किती दिवस उरलेत. महिनाभराहून कमी असतील तर एकदा अर्धा दिवस सुट्टी काढून मुलीसह शाखेत जाणंच शहाणपणाचं. तिसरा नकार येऊन चेक शिळा झाला तर आयोजकांकडून दुसरा मिळवणं त्याहून जड जाईल. चेकवरचं नाव आणि खात्यावरचं नावही एकसारखं हवं. चेकवर ‘कु.’ आणि घरचं लाडकं नाव, आधारवर पाळण्यातलं, असं असेल तर आयोजकांकडून चेकच बदलून घ्या. खात्याचं नाव चेकला जुळवायला जाऊ नका.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. मुलगी दहा वर्षांची झाली की ती स्वतः खातं उघडू शकते आणि चालवू शकते, बँक ठरवेल तेवढ्या मर्यादेत. तोपर्यंत थांबावं का, असं मनात येईल. मी थांबणार नाही. दहा वर्षांच्या मुलांची सही दर सहामाहीला बदलते, कधी फुलपाखरू येतं, कधी आवडत्या खेळाडूसारखी शेपटी. सही एका वळणावर स्थिर होईपर्यंत खातं तुमच्या सहीवर असलेलं बरं. व्याजाचं म्हणाल, तर ते आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं, खात्यावर पॅन कोणाचं आहे याने त्यात फरक पडत नाही. पुढे सरकारी शिष्यवृत्ती याच खात्यात यावी असं वाटत असेल तर आधार बँकेला देणं पुरेसं नाही, ते थेट लाभासाठी जोडण्याची वेगळी संमती द्यावी लागते. जोडलं गेलं का, ते आधारच्या संकेतस्थळावर `Bank Seeding Status` मध्ये दिसतं, अर्थात त्यालाही मुलीच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार.

अठरावा वाढदिवस आला की तुमची सही त्या खात्यावर चालायची थांबते. मग मुलीची नवीन केवायसी, तिची स्वतःची नमुना सही, आणि शिल्लक बरोबर असल्याची कबुली, एवढं झाल्यावर खातं तिच्या हाती जातं. तो दिवस संगणक जन्मतारखेवरून ठरवतो. म्हणून या वेळी खाते क्रमांक हातात पडला की चेक भरायच्या आधी पासबुकचं पहिलं पान किंवा ॲपवरचा खात्याचा तपशील उघडा आणि तीन ओळी वाचा: खातेदार म्हणून मुलीचं नाव, पालक म्हणून तुमचं नाव, आणि जन्मतारीख. तारखेत दिवस-महिना उलटा पडलेला मी बरेचदा पाहिलाय. ५ नोव्हेंबरचं ११ मे होऊन बसतं आणि त्या वेळी कोणाच्याच लक्षात येत नाही. मग अठराव्या वर्षी, ऐन कॉलेजच्या फीच्या दिवसांत, सहा महिने आधीच खातं गोठतं.